शेकरूची सावली कोण पाडणार?

१९८८ साली आलेल्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या सिनेमात एक छोटा प्रसंग आहे. गुप्तहेर एडी आणि त्याच्या मनगटाला बेडीनं जखडलेला रॉजर हा कार्टून ससा एका बारच्या मागच्या खोलीत शिरतात. एडीचं डोकं वर टांगलेल्या दिव्याला आपटतं आणि दिवा झुलायला लागतो. कथेला त्या झुलण्याची काही गरज नव्हती. पण दिवा झुलला की खोलीतला उजेड इकडून तिकडे फिरतो, म्हणजे सशाच्या अंगावरचा उजेड आणि त्याची सावलीही फ्रेमगणिक बदलायला हवी. ती बदलली, आणि प्रत्येक फ्रेमसाठी हातानं रंगवून बदलली. चित्रकार सशाचं सपाट रंगातलं चित्र काढत. त्याच्या अंगावरची छाया, उजळ कडा आणि जमिनीवरची सावली यांचे थर वेगळे काढले जात, आणि ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या कंपनीतले तंत्रज्ञ ते ऑप्टिकल प्रिंटरवर एकावर एक छापत. त्या वर्षीचं व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं.

आज हातानं सावली रंगवायची वेळ सहसा येत नाही, पण दुखणं तेच आहे. उलट त्यात एक भर पडली आहे. रॉजरच्या वेळी नट बहुतेक वेळा खऱ्या सेटवर असायचा. आता नटही क्रोमावर, म्हणजे हिरव्या पडद्यापुढे, उभा असतो. त्याच्यामागचं दृश्य तिसरीकडूनच येतं आणि कार्टून पात्र संगणकातून. तीन ठिकाणचा तीन प्रकारचा उजेड एकाच चित्रात एक दिसायला हवा. हे जुळवणाऱ्या माणसाला कॉम्पोझिटर म्हणतात, आणि त्याचं काम जमलं की प्रेक्षकाला ते मुळीच जाणवत नाही.

हे काम नेमकं काय असतं, ते एका शॉटवरून पाहू. समजा, बालचित्रपटातला प्रसंग आहे. भीमाशंकरच्या जंगलाच्या कडेला एक दहा वर्षांचा मुलगा दगडावर बसलाय आणि त्याच्या डाव्या हातावर शेकरू बसलंय. सूर्य मुलाच्या मागून, डावीकडून येतोय. कॅमेरा स्थिर आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याला पकडून हातावर बसवणं कायद्यानंही शक्य नाही आणि तो बसणारही नाही. त्यामुळे जंगलाचं चित्रीकरण भीमाशंकरला, मुलाचं मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओत क्रोमावर, आणि शेकरू पूर्णपणे संगणकात.

पहिला मुद्दा हिरव्या रंगाचा. हिरवाच का, याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश टिपणारे बारीक बारीक ठिपके असतात, आणि त्यांत हिरव्याची संख्या लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असते. म्हणून हिरव्याची नोंद सगळ्यांत स्वच्छ, कमी दाणेदार मिळते. शिवाय माणसाच्या कातडीत, मग ती गोरी असो की सावळी, लाल नेहमी हिरव्याहून जास्त असतो. पडदा आणि चेहरा वेगळे काढणं त्यामुळे सोपं जातं.

पण वेगळं काढायचं म्हणजे काय करायचं? ‘हिरवं दिसेल ते कापा’ एवढंच सांगितलं, तर डोक्यावरचे केस कात्रीनं छाटल्यासारखे दिसतात. केसांच्या कडेला एकाच ठिपक्यात थोडा केस आणि थोडा पडदा असतो. तिथे ‘हो’ की ‘नाही’ असा प्रश्नच चुकीचा ठरतो. ‘किती’ हे विचारावं लागतं. पेट्रो व्लाहोस या अमेरिकन तंत्रज्ञानं हा प्रश्न १९५० च्या दशकात निळ्या पडद्यासाठी सोडवला आणि ‘बेन-हर’ या १९५९ च्या सिनेमासाठी त्याची पद्धत वापरली गेली. आजचं जवळपास प्रत्येक कीइंगचं साधन त्याच कल्पनेवर उभं आहे. कल्पना साधी वजाबाकीची आहे. ठिपक्यातल्या हिरव्यातून लाल आणि निळ्यापैकी जो जास्त असेल तो वजा करायचा. उरेल तेवढा पडदा.

आकड्यांत पाहू. ० म्हणजे काळोख आणि १ म्हणजे पूर्ण उजेड धरला, तर पडद्याच्या एका ठिपक्यात लाल ०.१२, हिरवा ०.६० आणि निळा ०.१५ असेल. हिरवा वजा निळा म्हणजे ०.४५. हा झाला शंभर टक्के पडदा. आता मुलाच्या केसांच्या कडेचा ठिपका घेऊ : लाल ०.२२, हिरवा ०.४२, निळा ०.२०. इथे फरक ०.२० येतो, म्हणजे ०.४५ च्या साधारण ४४ टक्के. अर्थ असा, की या ठिपक्यात ४४ टक्के पडदा आहे आणि ५६ टक्के केस. पडद्याचा तेवढा वाटा काढून त्या जागी जंगलाचा ४४ टक्के वाटा भरायचा. प्रत्येक ठिपक्याचा हा ‘किती’ ज्या काळ्या-पांढऱ्या चित्रात साठवतात त्याला मॅट किंवा अल्फा म्हणतात. पांढरं म्हणजे मुलगा, काळं म्हणजे मोकळी जागा, आणि मधला करडा म्हणजे केस, लोकर, धूसर झालेला हात. कामाची सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी त्या करड्यात असते.

नवशिक्याचा हात नेमका याच करड्यावर पडतो. पडद्यावर सुरकुत्या असतात, उजेड कमी-जास्त असतो, त्यामुळे मॅटच्या काळ्या भागात डाग दिसतात. ते घालवायला तो काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करत जातो. डाग जातात, त्यांच्याबरोबर केसही जातात आणि मुलाच्या डोक्याभोवती कुरतडल्यासारखी कडा उरते. अनुभवी माणूस एकाच मॅटवर सगळं ओझं टाकत नाही. अंगाच्या मधल्या भागासाठी एक कडक मॅट, ज्यात भोकं राहणार नाहीत. आणि फक्त कडेसाठी एक मऊ मॅट, जिला जवळजवळ हात लावायचा नाही. दूरचे दिवे, स्टँड, पडद्याचे कोपरे तर सरळ हातानं रेघ मारून आधीच बाहेर काढायचे. कडा नीट आली का, हे जंगलावर ठेवून बघू नये. पानापानांच्या गर्दीत सगळं खपून जातं. सपाट करड्या रंगावर ठेवून बघावं, मग जांभळ्यावर. जांभळ्यावर हिरवी किनार लपत नाही.

या कडेचं बरंचसं भवितव्य स्टुडिओत कॅमेरा चालू होण्याआधीच ठरलेलं असतं. मुलाला पडद्यापासून निदान सात-आठ फूट पुढे बसवलं, तर पडद्याचा हिरवा उजेड त्याच्या पाठीवर कमी पडतो आणि त्याची सावली पडद्यावर जात नाही. पडद्यावर उजेड एकसारखा हवा. भगभगीत असण्याची गरज नाही. ‘हिरवं चांगलं उजळ करा’ असा सल्ला सेटवर हमखास कुणीतरी देतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण पडदा जितका झगझगीत तितका हिरवा रंग सगळीकडे उधळतो. दुसरी गोष्ट चित्रणाच्या फाइलची. बरेच स्वस्त कॅमेरे आणि मोबाइल जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती चार ठिपक्यांमागे एकदाच लिहितात. उजेड-अंधाराची मात्र प्रत्येक ठिपक्याची. डोळ्याला फरक कळत नाही. पण कीइंग रंगावरच चालतं, त्यामुळे कडेला पायऱ्या पायऱ्या दिसतात, आणि नंतर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी न लिहिलेली माहिती परत येत नाही.

की निघाली तरी हिरवा पाठ सोडत नाही. हळदीचे हात कितीही धुतले तरी नखांच्या कडेला पिवळेपणा राहतो, तसा पडद्याचा रंग मुलाच्या कानाच्या पाळीवर, गालाच्या कडेवर, पांढऱ्या बाहीवर राहतो. याला स्पिल म्हणतात. घालवायचा नियम पुन्हा साधाच आहे : हिरव्याला लाल-निळ्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. पण वर म्हणजे कुणाच्या वर? लाल-निळ्याच्या सरासरीच्या, की दोघांत जो जास्त असेल त्याच्या? सरासरी धरली तर सफाई जोरदार होते. मात्र मुलानं पिवळा सदरा घातला असेल, समजा लाल ०.८०, हिरवा ०.७०, निळा ०.१०, तर सरासरी येते ०.४५. हिरवा तिथवर खाली खेचला जातो आणि पिवळा सदरा नारिंगी होऊन बसतो. दोघांत मोठा धरला तर सदरा वाचतो, पण गालावर थोडी पिवळसर-हिरवट झाक राहते. म्हणून चांगला कॉम्पोझिटर एकच नियम सगळ्या मुलावर फिरवत नाही. गालाला एक, सदऱ्याला दुसरा. आणि कपडेपटाला आधीच फोन केलेला असेल तर ही वेळच येत नाही.

हिरवा काढला की तिथला उजेडही कमी होतो, आणि कडा काळपट, किंचित जांभळी दिसते. जेवढा हिरवा काढला तेवढा उजेड मागच्या दृश्याच्या रंगात परत द्यायचा, हा त्यावरचा उपाय. आपल्या शॉटमध्ये मागे जंगल आहे, तेव्हा परत दिलेला उजेडही हिरवटच असणार. खऱ्या जंगलात पानांवरून परतलेला उजेड माणसाच्या अंगावर पडतोच. त्यामुळे इथे स्पिलचा शेवटचा अंश उरला तरी तो चूक वाटत नाही. हाच मुलगा समुद्रकिनारी दाखवायचा असता तर तेवढीच झाक लगेच खटकली असती.

आता शेकरूकडे वळू. त्याचं मॉडेल, त्याचे केस, त्याची हालचाल हे सगळं तयार आहे असं धरू. प्रश्न एवढाच, की त्याच्यावर उजेड कुठून आणि किती टाकायचा? अंदाजानं टाकला तर तो जवळपास नेहमी चुकतो. म्हणून जंगलात चित्रीकरण संपलं, की लगेच त्याच जागी दोन गोळे धरून चित्रण करतात : एक करडा, चकाकी नसलेला, आणि एक आरशासारखा चकचकीत. करड्या गोळ्यावर उजेडाची दिशा, त्याचा रंग आणि सावलीच्या कडेचा कडकपणा दिसतो. चकचकीत गोळ्यात आजूबाजूचं सगळं आकाश, झाडं, सूर्य यांचं प्रतिबिंब दिसतं. त्या प्रतिबिंबाचे कमी-जास्त एक्स्पोजरचे बरेच फोटो घेऊन ते एकत्र केले, तर त्या जागी कुठल्या दिशेनं किती उजेड येत होता याचा नकाशाच हाती येतो. पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली हा नकाशा वापरून संगणकातल्या वस्तूंवर खऱ्या जागेचा उजेड कसा टाकायचा ते दाखवलं, आणि आता तो रिवाज झाला आहे. वेगवेगळी एक्स्पोजर यासाठी घ्यायची, की सूर्य बाकी आकाशापेक्षा हजारो पट प्रखर असतो. साध्या फोटोत दोन्ही पांढरेच दिसतात. तरीही सूर्याची पूर्ण प्रखरता अनेकदा पकडली जात नाही. मग नकाशातला सूर्य पुसून त्याच जागी संगणकात वेगळा दिवा लावतात.

गोळे नसतील तर काठी तरी रोवावी. मीटरभर उंचीच्या काठीची सावली पावणेदोन मीटरच्या जवळपास पडली, तर सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आहे. तेवढ्यावर स्टुडिओतला मोठा दिवा नेमका कुठे उभा करायचा हे ठरतं. कारण क्रम असा आहे : जंगल जसं आहे तसं आहे, त्याला बदलता येत नाही. मुलावरचा उजेड जंगलाशी जुळवायचा आणि शेकरूचा उजेड मुलाशी. स्टुडिओतही तेच दोन गोळे मुलाच्या हाताजवळ धरून पुन्हा चित्रण करायचं. मग संगणकात एक करडा गोळा बनवून तो खऱ्या गोळ्याशेजारी ठेवायचा. दोन्ही गोळे सारखे दिसेपर्यंत शेकरूला आणायचंच नाही. शेकरूचा रंग तांबूस-तपकिरी, पोट फिकट. त्याच्यावर उजेड चुकला की रंग चुकला हे सांगणं कठीण असतं. करड्या गोळ्याला स्वतःचा रंगच नाही, त्यामुळे तिथे चूक लपत नाही.

एवढं झालं की शेकरू मुलाच्या हातावर ठेवलं जातं, आणि ठेवताक्षणी ते तरंगायला लागतं. रंग बरोबर, उजेड बरोबर, तरी तरंगतं. कारण हाताला अजून कळलेलंच नाही की आपल्यावर कुणी बसलंय. पंजांखाली, जिथे केस बाहीला टेकतात, तिथे अगदी अरुंद आणि गडद सावली असते, कारण त्या फटीत कुठूनच उजेड शिरत नाही. दुसरी सावली मोठी आणि मऊ : शेकरूच्या अंगामुळे मुलाच्या दंडावर आणि छातीवर पडलेली. तिसरी गोष्ट उलट दिशेची. मुलाच्या पिवळ्या सदऱ्यावरून परतलेला उजेड शेकरूच्या फिकट पोटावर पडायला हवा. या सगळ्यासाठी संगणकात मुलाचाही एक ढोबळ पुतळा बनवावा लागतो, जो चित्रात दिसत नाही, फक्त सावली झेलतो आणि उजेड परतवतो. मुलाचा हात हलला की पुतळ्याचा हातही तितकाच हलावा लागतो. एक-दोन ठिपक्यांचा फरक पडला तरी पंजे बाहीवरून घसरल्यासारखे दिसतात.

सावली नुसती काळी करूनही भागत नाही. सूर्याचा उजेड अडला तरी आकाशाचा आणि पानांचा उजेड त्या सावलीत येतोच, म्हणून उघड्या जागेतली सावली किंचित निळसर असते, झाडांखालची हिरवट. मुलाच्या गालाखालच्या सावलीचा रंग मोजायचा आणि शेकरूच्या सावलीला तोच द्यायचा, हा सरळ मार्ग.

वजनाचं काय? प्रौढ शेकरूचं वजन दीड-दोन किलो असतं. चित्रीकरणाच्या वेळी मुलाचा हात रिकामा असेल तर तो हलका दिसतो, आणि हलका हात नंतर जड करता येत नाही. म्हणून शूटिंगच्या वेळी हातावर तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी ठेवायची. बाही दबते, मनगट किंचित खाली जातं, मुलाची नजर योग्य उंचीवर स्थिरावते. पिशवी शेकरूच्या अंगाहून लहान असली की ती त्याच्यामागे झाकली जाते. ‘द जंगल बुक’च्या २०१६ च्या सिनेमात मोगली झालेल्या नील सेठीसमोर जिम हेन्सन कंपनीच्या कठपुतळ्या आणि त्या चालवणारे कलावंत असत, ते याच कारणासाठी. मुलाला हात लावायला आणि बघायला काहीतरी हवं.

एक बारकावा असा आहे की तो न पाळल्यामुळे चांगली चांगली कामं बिघडतात. शेकरूचं चित्र संगणकातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या कडेच्या ठिपक्यांचा रंग अल्फानं आधीच गुणलेला असतो. म्हणजे केसाचा खरा उजेड ०.४० आहे आणि ठिपक्याचा निम्माच भाग केसानं व्यापलाय, तर फाइलमध्ये ०.२० लिहिलेलं असतं. थर एकमेकांवर ठेवायला हे सोयीचं आहे. पण अशा चित्रावर थेट रंगकाम केलं की घोटाळा होतो. समजा, जंगलात धुकं आहे, म्हणून शेकरूचा काळा भाग ०.०५ नं उजळायचा आहे. अंगाच्या मधे ०.४० चे ०.४५ झाले, ठीक. कडेला ०.२० चे ०.२५ झाले. पण ते निम्म्याच ठिपक्याचे आहेत, तेव्हा खरा उजेड झाला ०.५०. कडा अंगाहून उजळ झाली आणि शेकरूभोवती फिकट किनार आली. त्याहून गमतीचं म्हणजे जिथे शेकरू नाहीच, त्या रिकाम्या भागातही ०.०५ मिळवले गेले आणि जंगलावर एक फिकट चौकोन उमटला. असा चौकोन दिसला की दुसरं कारण शोधत बसू नये. आधी अल्फानं भागायचं, मग रंग बदलायचा, मग पुन्हा अल्फानं गुणायचं. न्यूक, फ्युजन, ब्लेंडर अशा सगळ्या साधनांत यासाठी सोय आहे. विसरणारा माणूसच असतो.

याच जातीची आणखी एक चूक आकड्यांच्या भाषेची. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रातले ० ते २५५ हे आकडे डोळ्याच्या सोयीनं वाकवलेले असतात. ते उजेडाच्या प्रमाणात नसतात. काळा आणि पांढरा निम्मा-निम्मा मिसळला तर या मापात १२८ येईल असं वाटतं, पण खरा उजेड मिसळून पुन्हा याच मापात मांडला तर उत्तर १८८ येतं. वाकवलेल्याच आकड्यांवर बेरीज केली, तर उजळ आकाशापुढचे केस, धूसर झालेली शेपटी, यांच्या कडा नको तेवढ्या काळ्या होतात. म्हणून सगळे थर आधी उजेडाच्या सरळ मापात आणायचे, तिथेच मिसळायचे, आणि दाखवताना पुन्हा वाकवायचे.

रंग जुळवताना बहुतेकांचं लक्ष उजळ भागाकडे जातं. खरी परीक्षा काळ्यात असते. जंगलात कॅमेरा आणि दूरची झाडं यांच्यामध्ये हवा, बाष्प, धूळ असते; त्यामुळे दूरच्या झाडांचा ‘काळा’ काळा नसतो, निळसर करडा असतो. स्टुडिओतल्या मुलाचे आणि संगणकातल्या शेकरूचे काळे भाग मात्र कोरडे ठणठणीत काळे. मुलगा जिथे बसलाय तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या दगडाच्या फटीतला काळा मोजायचा आणि दोघांनाही तिथवर आणायचं. मग लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळा, काळ्या-पांढऱ्यात बघायचा. रंगीत चित्रात न दिसणारी विसंगती तिथे उठून दिसते. निळ्यात तर हमखास. शेवटी पडदा खूप उजळ आणि खूप अंधारा करून पाहायचा. अंधारा केल्यावर शेकरू एकटंच चमकत राहिलं, किंवा उजळ केल्यावर एकटंच काळं राहिलं, तर काम अजून संपलेलं नाही.

उरतो कॅमेऱ्याचा स्वभाव. संगणकातलं शेकरू अतिशय स्वच्छ असतं, आणि खऱ्या भिंगातून, खऱ्या सेन्सरवरून आलेलं काहीच तितकं स्वच्छ नसतं. चित्रात बारीक दाणा असतो, तोही निळ्यात जास्त आणि हिरव्यात कमी. कडांना भिंगाचा मऊपणा असतो. शेपटी झटकली की सेकंदाच्या ४८ व्या भागात ती जिथून जिथे गेली तेवढी धूसर व्हायला हवी, कारण २४ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर साधारण तेवढाच वेळ उघडं असतं. हे सगळं शेकरूला मोजून मापून द्यावं लागतं, आणि ते सगळ्यात शेवटी. दाणा आधी घातला आणि मग चित्र मऊ केलं तर दाणाच पुसला जातो. सूर्य मागून असल्यानं मागचा उजेड केसांच्या कडेवर थोडा सांडतो, तोही दाखवतात. पण यात हात सैल सुटतो. शेकरूभोवती प्रभावळ दिसायला लागली की समजावं, जास्त झालं. किती हवं याचं उत्तर मुलाच्या केसांकडे बघून मिळतं, कारण त्याच्या केसांमागचा दिवा खरा आहे.

आता मोठ्या स्टुडिओंमध्ये हिरव्या पडद्याऐवजी एलईडीची भिंत वापरतात. २०१९ साली आलेल्या ‘द मँडलोरियन’ मालिकेमुळे ती गाजली. भिंतीवर जंगलच दिसत असल्यानं मुलाच्या अंगावर जंगलाचाच उजेड पडतो आणि स्पिलचा प्रश्नच राहत नाही. शेकरू मात्र त्या भिंतीतून बाहेर येऊन हातावर बसत नाही. त्याची कडा, त्याची सावली आणि त्याचा काळा रंग तेव्हाही असाच जुळवावा लागतो. आणि ही भिंत मराठी बालचित्रपटाच्या खिशाला परवडेल अशी नाही, तेव्हा क्रोमा इतक्यात कुठे जात नाही.

अशा चित्रपटांत वेळ कमी पडला की सेटवर पहिली कात्री गोळ्यांच्या चित्रणाला लागते, ‘ते पोस्टमध्ये बघू’ म्हणून. पोस्टमध्ये स्पिल निघतो, दाणा घालता येतो, काळा उचलता येतो, मुलाचा रंगही बराचसा फिरवता येतो. पण जंगलात सूर्य डावीकडे आणि स्टुडिओत दिवा उजवीकडे लावला असेल, तर मुलाच्या नाकाची कडक सावली चुकीच्या गालावर पडलेली असते. ती पुसून दुसऱ्या गालावर पाडणं, तीही बोलत्या-हसत्या चेहऱ्यावर, फ्रेमगणिक, पुन्हा चित्रीकरण करण्यापेक्षा महाग पडतं. असा शॉट फेकून मुलाला पुन्हा बोलवावं, आणि या वेळी दिवा लावण्याआधी काठीच्या सावलीचा फोटो बघावा.